मौनीकाकांची अर्धी टाकी

आमच्या रंगाच्या गोदामात तीन गाड्या आणि तीन ड्रायव्हर. त्यातले दोघे इतके बोलायचे, की तिसऱ्याला बोलायची सोयच नव्हती. म्हणून असेल किंवा मुळातच असेल, पण तिसरा कधी बोलला नाही. सगळे त्याला मौनीकाका म्हणायचे. पगारपत्रकावर त्यांचं खरं नाव मीच दर महिन्याला लिहायची, आणि तरी कोणी विचारलं असतं तर मला क्षणभर आठवावं लागलं असतं.

मी गोदामाची हिशेबनीस. एका कोपऱ्यात काचेची केबिन, तिला अर्धगोल खिडकी. फेरी संपली की ड्रायव्हरनं त्या खिडकीशी यायचं, गाडीच्या मीटरचा आकडा सांगायचा, पंपाच्या पावत्या आत सरकवायच्या. बाकीचे दोघे आकड्यासोबत रस्त्यातला खड्डा, गिऱ्हाइकाचा स्वभाव आणि स्वतःची कंबर असं सगळं सांगायचे. मौनीकाका यायचे, म्हणायचे, "ब्याऐंशी हजार चारशे वीस," आणि जायचे. दिवसभरात त्यांनी माणसाशी बोललेलं तेवढंच वाक्य असावं, असं मला पुष्कळदा वाटे. एकदा तापानं ते आले नाहीत म्हणून मी औषध घेऊन त्यांच्या खोलीवर गेले होते. सायकलच्या दुकानावरची एक खोली. पलंग, स्टोव्ह, दोरीवर दोन शर्ट. बसायला खुर्ची नव्हती. त्यांच्याकडे कोणी येऊन बसेल ही शक्यताच त्यांनी धरली नव्हती, हे बघून मला कसंतरीच झालं. मी उभ्याउभ्याच औषध दिलं आणि निघाले. माझ्या घरी खुर्च्या चार आहेत, पण त्यातल्या तीन धूळ पुसायच्याच कामाच्या, तेव्हा मी कोणाची कीव करण्यात अर्थ नव्हता.

आमचे मालक माणूस वाईट नाहीत. फक्त त्यांना अधूनमधून हिशेबाची हुक्की येते, आणि मग घरात लहान मुलाच्या हाती कात्री लागावी तसं होतं. या खेपेला त्यांच्या मोबाइलमध्ये गाड्यांचं ॲव्हरेज काढायचं काहीतरी आलं होतं. किलोमीटर टाका, लिटर टाका, उत्तर तयार. एका मोठ्या गिऱ्हाइकाला फेरीमागे किती भाडं लावायचं हे ठरवायचं होतं, म्हणून त्यांनी मौनीकाकांच्या फेऱ्या घेतल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी तीच वाट, जाऊन-येऊन एकशेऐंशी किलोमीटर.

"बाई, जरा इकडे या," मालकांनी हाक मारली. आवाजावरूनच कळलं, की कोणाचं तरी काही खरं नाही.

मोबाइल त्यांनी माझ्यापुढे धरला. सोमवारी मौनीकाकांनी दहा लिटर डिझेल भरलं होतं. एकशेऐंशी भागिले दहा, अठराचं ॲव्हरेज. गुरुवारी जाताना दहा आणि येताना दहा, म्हणजे वीस लिटर. एकशेऐंशी भागिले वीस, नऊ.

"तीच गाडी, तोच रस्ता, तेवढेच डबे," मालक म्हणाले. "डिझेलचा दर शंभर धरा. सोमवारी हजारात जाणारी गाडी गुरुवारी दोन हजार खाते? मधले हजार कुठे गेले?"

"गेले कुठे असतील? टाकीत असतील," मी म्हटलं. "सोमवारी गाडी आधीच्या डिझेलवर चालली. गुरुवारी भरलं ते सगळं जळलं नाही, काही उरलं. पावतीवर दिसतं ते भरलेलं. जळलेलं वेगळं."

"मग काका एकदाच टाकी फुल का करत नाहीत? बाकीचे दोघे करतात. त्याच कंपनीची दुसरी गाडी बरोबर बाराचं ॲव्हरेज देते. ह्यांच्या पावत्या बघा. दहा, पाच, दहा, पाच. दुधाचा रतीब घातल्यासारखं डिझेल भरतात. आणि एकाच पंपावर. पंपवाल्याशी काही संधान असल्याशिवाय?"

त्यांनी मौनीकाकांना बोलावलं. काका दारात उभे राहिले. मालकांनी विचारलं, "एवढं थोडं थोडं का भरता?"

काकांनी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला.

"पैसे मी देतो, गाडी माझी. अडचण काय आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "सवय आहे," म्हणाले.

इतकं लंगडं उत्तर मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मालकांचा चेहरा उतरला. त्यांनाही चोर सापडायला नको होता. पण ते म्हणाले, "ठीक आहे. महिनाअखेरपर्यंत मला समजलं नाही, तर तुमची वाट दुसऱ्याला देईन. तुम्ही गोदामात डबे मोजा." त्यावर काकांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, यांना चोरीचा आळ तेवढा लागला नाही, जेवढं ती वाट जाणं लागलं. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही.

मी केबिनमध्ये जाऊन महिन्याच्या पावत्या काढल्या. एकेका फेरीचं ॲव्हरेज काढणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं होतं. महिन्याची बेरीज केली की चढउतार पुष्कळसे एकमेकांत मिटतात. आठ फेऱ्या, चौदाशे चाळीस किलोमीटर. डिझेल एकशेतीस लिटर. ॲव्हरेज अकराच्या किंचित वर. बारा हवं असेल तर एकशेवीसच लिटर लागायला हवं होतं.

कागद मालकांपुढे ठेवला. "बघा," ते म्हणाले, "इथंही दहा लिटर जास्त गेलं."

"महिन्याच्या सुरुवातीला टाकी तळाशी असेल आणि शेवटी दहा लिटर जास्त असेल, तर ते दहा तिथंच आहे. चाळीस लिटरची टाकी आहे. पहिल्या दिवशी तिच्यात किती होतं आणि शेवटच्या दिवशी किती, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही."

"काटा असतो की."

"त्या काट्यावर मी बटाटेसुद्धा तोलून घेणार नाही. चढावर एक दाखवतो, उतारावर एक."

"म्हणजे काका निर्दोष आहेत, असं तुम्ही म्हणता?"

"तेही म्हणत नाही. चोर आहेत असं ठरत नाही, एवढंच म्हणते."

मालक वैतागले. "बाई, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. मला एक आकडा द्या."

आकडा द्यायचा एकच रस्ता होता. टाकी तोंडापर्यंत भरायची, मीटर लिहायचं. मग आठवडाभर गाडी नेहमीसारखी चालवायची. मधे थोडंथोडं भरलं तरी चालेल, फक्त प्रत्येक पावती ठेवायची. शेवटी त्याच पंपावर, त्याच नळीनं, गाडी तशीच सपाटीवर उभी करून पुन्हा तोंडापर्यंत भरायची. दोन्ही वेळा टाकी सारखीच भरलेली, म्हणजे मधे जळलेलं सगळं परत आलेलं. मालकांना हे पटलं. फक्त साक्षीला कोणीतरी हवं, म्हणाले. साक्षीदार मी.

सोमवारी सकाळी मी मौनीकाकांच्या शेजारी बसले. मागे रंगाचे डबे खडखडत होते. शहर संपेपर्यंत काका एक शब्द बोलले नाहीत. मी बोलायचा प्रयत्न केला, पण ते पालथ्या घड्यावर पाणी ओतणं झालं. मग मीही गप्प बसले आणि माझ्या लक्षात आलं, की ही शांतता मला घरूनच ओळखीची आहे.

पंप शहराबाहेरच्या रस्त्याला. दोन मशीन, हवेचा एक खांब, एक खोली. गाडी थांबताच निळ्या गणवेशातली एक बाई पुढे आली. तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, हातात फडकं. तिनं काकांकडे पाहिलं नाही, टाकीच्या झाकणाकडे पाहिलं.

"किती?"

"फुल," काका म्हणाले.

तिचा हात झाकणावर थांबला. मग तिनं मशीनवर शून्य दाखवलं आणि नळी लावली. नळी खटकन थांबली. मी म्हटलं, "फेस बसू दे, मग हळूहळू तोंडापर्यंत भरा." तिनं तसं केलं. काका गाडीजवळ उभे होते, तिच्यापासून हातभर अंतरावर. दोघंही टाकीच्या तोंडात डोकावत होते. बावीस लिटर बसलं. तिनं पावती दिली आणि पुढच्या गाडीकडे गेली. वळताना तिचा डावा खांदा किंचित वर होता. काका मीटरचा आकडा सांगायला खिडकीशी येतात तेव्हा त्यांचा असतो, अगदी तसा.

मी गाडीत बसले. मीटर लिहिलं. बरंच अंतर गेल्यावर विचारलं, "कोण आहे?"

काकांनी गिअर बदलला. "मुलगी."

मग हळूहळू निघालं, तेही तुकड्यातुकड्यानं, डिझेल भरतात तसं. पूर्वी ते लांबच्या ट्रकवर होते. आठवडा आठवडा बाहेर. बायको आजारी होती, हे माहीत होतं. माल पोचवून परततो म्हणाले होते. पोचवून आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मुलीनं एकटीनं सगळं केलं होतं. तिनं दार उघडलं, बापाला पाणी दिलं आणि म्हणाली, तुमची वाट बघत बघत आई गेली. त्यानंतर ती बोलली नाही. काही दिवसांनी घर सोडून गेली.

"ती या पंपावर लागली, असं कोणीतरी सांगितलं. मग मी ट्रक सोडला," काका म्हणाले. "तुमच्याकडे पगार कमी होता. पण वाट हीच होती."

मी पावती दुमडून वहीत ठेवली.

"बोलत नाही ती. किती म्हणून विचारते, तेवढंच. पण विचारते. टाकी एकदा फुल केली, की आठवडाभर विचारायला कोणी नाही." रस्त्यावरची नजर न काढता ते पुढे म्हणाले, "ताई, हे ऑफिसात नको."

"नाही सांगणार."

"मालकांना दया येईल. मला ती नको. तिलाही कळेल. बाप गाऱ्हाणं घालत फिरतो, असं वाटेल."

मी शब्द दिला. तेव्हा तो सोपा वाटला होता.

त्या आठवड्यात काका नेहमीप्रमाणेच वागले. तसं वागा, असं मीच बजावलं होतं. गुरुवारी जाताना दहा, येताना पाच. पावत्या माझ्याकडे आल्या. पुढच्या सोमवारी मी पुन्हा सोबत गेले. तोच पंप, तीच नळी. मुलीनं विचारलं, "किती?" काका म्हणाले, "फुल." तिनं न सांगताच फेस बसायची वाट पाहिली. सोळा लिटर आणि वर दोनशे मिली. मीटर चौऱ्याऐंशी हजार पाचशे अठ्ठ्याहत्तर, म्हणजे आधीपेक्षा तीनशे बहात्तर जास्त. दोन फेऱ्या आणि गावातली एक किरकोळ डिलिव्हरी.

परतल्यावर मालक पावत्यांवर तुटून पडले. बावीस, दहा, पाच, सोळा पूर्णांक दोन. त्यांनी बेरीज केली, त्रेपन्न पूर्णांक दोन. भागलं. मग खुर्चीत मागे रेलले. "सात! बाई, सातचं ॲव्हरेज! ही गाडी आहे की भट्टी?"

मौनीकाका दारात उभे होते. त्यांनी डोळे मिटले. सात हा आकडा त्यांच्या अंगावरून गाडीसारखा गेला, हे मी पाहिलं.

"पहिले बावीस काढा," मी म्हटलं.

"का काढू? पैसे दिलेत त्याचे."

"दिलेत, पण ते आधी जळलेल्याची भरपाई आहे. आपण मोजायला सुरुवात केली ती टाकी तोंडापर्यंत भरल्यावर. बावीस लिटर गेलं तेव्हा मीटरवर एक किलोमीटरही पुढे सरकलेला नव्हता. धावलेली तीनशे बहात्तर किलोमीटर त्याच्यानंतरची. मग त्याच्यानंतर भरलेलंच धरायचं, आणि शेवटचं फुल धरून सगळं धरायचं."

मालकांनी पुन्हा मांडलं. दहा, पाच, सोळा पूर्णांक दोन. एकतीस पूर्णांक दोन. तीनशे बहात्तर भागिले एकतीस पूर्णांक दोन. त्यांचं बोट स्क्रीनवर थांबलं. "अकरा पूर्णांक ब्याण्णव," ते हळू म्हणाले.

"बाराला केसभरच कमी. तुमच्या दुसऱ्या गाडीइतकंच. एका फेरीला पंधरा लिटरच्या आसपास, म्हणजे दीड हजार. गिऱ्हाइकाला हजार धरून भाडं सांगितलं असतं, तर दर फेरीला तुमचेच पाचशे गेले असते. आणि दोन हजार धरलं असतं, तर गिऱ्हाईक गेलं असतं."

मालक उठले. थेट काकांपाशी गेले आणि म्हणाले, "काका, माझं चुकलं." मनापासून म्हणाले. मोठ्या माणसांना हे जमत नाही, त्यांना जमलं, म्हणून मी म्हणते माणूस वाईट नाही.

आणि मग त्याच चांगुलपणाच्या भरात त्यांनी नियम केला. पुन्हा कोणावर आळ येऊ नये, म्हणून यापुढे प्रत्येक गाडीनं आठवड्यातून एकदा, सोमवारी, टाकी तोंडापर्यंत भरायची. मधे थेंब नाही.

काका पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "मधे थोडं भरलं तर?"

"कशाला आता? चाळीसची टाकी, आठवड्याला एकतीस लागतं. पुरून उरतं. पंपावर थांबण्यात वेळच जातो, तुमचाही आणि मालाचाही."

मी म्हटलं, "मधे भरलेलं पावतीसकट मोजलं, तर हिशेबाला काही बाधा नाही. या खेपेला भरलंच की." हे खरं होतं, आणि याहून जास्त मला बोलता येत नव्हतं. मालकांनी हात झटकला. "बाई, तुम्हीच इतके दिवस सांगितलंत की थोडंथोडं भरल्यानं घोळ होतो. आता सरळ झालंय तर तुम्हीच वाकडं करता."

एक वाक्य सांगितलं असतं, तर नियम मोडला असता. ते वाक्य माझं नव्हतं. काकांनी मान हलवली आणि ते गेले. त्या दिवशी घरी जाऊन मी चारही खुर्च्या पुसल्या आणि एकीवर बसून राहिले. माणसाला निर्दोष ठरवून त्याचं सगळं काढून घेतलं होतं, आणि तेही बरोबर हिशेबानं.

गुरुवारी काका खिडकीशी आले. आकडा सांगितला. पावती नव्हती. रिकामा हात सवयीनं खिडकीतून आत आला आणि तसाच परत गेला.

पुढच्या सोमवारी मालकांनी मलाच पंपावर पाठवलं, महिन्याचं एकत्र बिल ठरवून घ्यायला. मी काकांबरोबर गेले. खोलीत कागद करून बाहेर आले, तेव्हा मुलगी टाकी भरत होती. नळी खटकन थांबली होती आणि ती फेस बसायची वाट बघत होती. मी मशीनच्या अलीकडेच उभी राहिले. तिनं वर न पाहता म्हटलं:

"गुरुवारी आला नाहीत."

काकांनी टाकीच्या तोंडाकडे पाहिलं. "टाकी भरलेली होती. आता सोमवारीच भरायची, असा नियम आहे."

"मधे नाही?"

"नाही."

तिनं नळी पुन्हा दाबली, हळूहळू, तोंडापर्यंत. मग काढली, अडकवली, झाकण लावलं, ते घट्ट बसलंय का ते दोनदा पाहिलं. फडक्यानं टाकीजवळचा पत्रा पुसला. तो स्वच्छ होता, तरी पुसत राहिली. शेवटी पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं.

"हवेचे पैसे नसतात आमच्याकडे," ती म्हणाली. "हवा कमी झाली की गाडी डिझेल जास्त खाते. गुरुवारी हवा बघायला या."

एवढं बोलून ती दुसऱ्या मशीनकडे गेली.

आम्ही निघालो. पंप मागे पडला. काका समोर बघून गाडी चालवत होते. सकाळी गोदामातून निघताना त्यांनी चारही चाकांची हवा स्वतः तपासली होती, मी पाहिलं होतं.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "टायर ठीक आहेत ना?"

"मला त्यातलं काही कळत नाही, काका," मी म्हटलं. "गुरुवारी बघून घ्या."